कंसातले आकडे सारांशात कसे आणावेत: ०.६१ (०.४३–०.८५) या एका उदाहरणावरून

प्रश्न: "नागपुरातल्या एका संस्थेत काम करते. क्षयरुग्णाच्या घरच्यांना आपण शिधा द्यावा का, यासाठी विश्वस्तांना एका पानाचा सारांश हवाय. लॅन्सेटमधल्या झारखंडच्या अभ्यासात ०.६१ (९५% कॉन्फिडन्स इंटरव्हल ०.४३–०.८५) असं लिहिलंय. बातम्यांत कुठे ३९ टक्के, कुठे ४८ टक्के. विश्वस्तांपैकी कुणीच संख्याशास्त्रातलं नाही. कंसातलं सोडून दिलं तर चालेल का, आणि कोणता टक्का लिहू?"

कंसातलं सोडू नका, पण आहे तसं छापूही नका. विश्वस्तांना ०.६१ कळणार नाही आणि ०.४३–०.८५ तर त्याहून नाही. त्यांना ठरवायचंय ते असं: हजार माणसांना शिधा दिला तर किती जणांचा क्षय टळेल, आणि आपला हा अंदाज किती इकडे-तिकडे होऊ शकतो. या दोन्हींची उत्तरं पेपरमध्येच आहेत, फक्त वेगळ्या रूपात. टक्का लिहायचाच असेल तर ३९ लिहा, ४८ नको. कारण पुढे येईल.

आकड्याला हात लावण्याआधी तुलना कुणाची कुणाशी आहे ते एका वाक्यात लिहून काढा. निम्म्या चुका इथेच होतात. 'रेशन्स' नावाचा हा अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. झारखंडच्या चार जिल्ह्यांतल्या २८ टीबी युनिटमधले, म्हणजे सरकारी क्षय कार्यक्रमाच्या स्थानिक केंद्रांतले, २,८०० क्षयरुग्ण आणि त्यांच्या घरची १०,३४५ माणसं त्यात होती. रुग्णाला सहा महिने शिधा दोन्ही गटांत मिळाला. फरक फक्त घरच्यांचा: एका गटात त्यांनाही सहा महिने, दर महिन्याला, माणशी रोज ७५० किलोकॅलरी आणि २३ ग्रॅम प्रथिनं पडतील एवढा शिधा आणि सूक्ष्मपोषक मिळाले, दुसऱ्या गटात नाही. म्हणजे ०.६१ हा 'शिधा विरुद्ध काहीच नाही' याचा आकडा नाही. रुग्णाचा शिधा घरात येतच होता, त्यावर घरच्यांचाही दिला तर काय, याचा तो आकडा आहे. तुमची संस्था सध्या रुग्णालाही काही देत नसेल, तर हा फरक सारांशात आलाच पाहिजे.

आता कच्चे आकडे. सारांश लिहिणारे बहुतेक जण ॲब्स्ट्रॅक्टमधलं गुणोत्तर उचलतात आणि त्याच्या शेजारची मूळ संख्या सोडून देतात. इथे ती अशी आहे: शिधा न मिळालेल्या गटात ४,७१२ पैकी १२२ जणांना क्षय झाला, म्हणजे २.६ टक्के. शिधा मिळालेल्या गटात ५,६०२ पैकी ९६ जणांना, म्हणजे १.७ टक्के. माणसं दोनेक वर्षं पाहणीखाली होती, म्हणून पेपर वर्षाचा दरही देतो: १०० व्यक्ती-वर्षांमागे १.२७ आणि ०.७८. एक व्यक्ती-वर्ष म्हणजे एक माणूस एक वर्ष पाहणीखाली. सामान्य वाचकासाठी हेच 'हजार माणसांमागे वर्षाला १३ आणि ८' असं लिहा.

०.७८ ला १.२७ नं भागलं की ०.६१ येतं. गुणोत्तराचा जन्म इथे आहे. १ मधून ०.६१ वजा केले की ०.३९, म्हणजे बातमीतले '३९ टक्के कमी'. हे खरंच आहे, पण ३९ टक्के कशाचे? तेराचे. वाचणारा मात्र मनात 'शंभरातल्या ३९ जणांना फायदा' असं घेतो. म्हणून सापेक्ष घट कधीच एकटी लिहू नये. '३९ टक्के कमी' च्या लगेच पुढे, त्याच वाक्यात, 'हजारी १३ वरून ८' हवंच. दुसऱ्या परिच्छेदात टाकलं तर उपयोग नाही. लोक पहिला आकडा घेऊन उठतात.

इथून कंसाकडे. कॉन्फिडन्स इंटरव्हलला आपण सोयीसाठी पट्टा म्हणू. पट्ट्याची दोन्ही टोकं हीसुद्धा गुणोत्तरंच आहेत, त्यामुळे मधल्या आकड्यावर जे केलं तेच त्यांच्यावर करायचं. शिध्याशिवाय हजारी १२.७ धरा. ०.४३ नं गुणलं तर ५.५ उरतात, म्हणजे सातेक टळले. ०.८५ नं गुणलं तर १०.८ उरतात, म्हणजे दोन टळले. मधल्या ०.६१ नं गुणलं तर ७.७ उरतात, म्हणजे पाच टळले. तुमचं वाक्य तयार झालं: 'हजार माणसांमागे वर्षाला साधारण पाच रुग्ण टळले, आकडेवारीचा पट्टा दोन ते सात.' यात मूळचे १२.७ आपण पक्के धरले. त्यालाही स्वतःचा पट्टा असतो, त्यामुळे ही टोकं ठोकळमानाची आहेत. म्हणून 'साधारण' हा शब्द ठेवा आणि दशांश गाळा. १.९ ते ७.२ लिहिलं तर जी अचूकता नाही ती दिसू लागते.

पट्टा शब्दांत मांडताना तीन चुका नेहमी सापडतात. पहिली: '९५ टक्के लोकांना १५ ते ५७ टक्के फायदा होतो.' पट्टा माणसांविषयी नाहीच, तो गटाच्या सरासरी परिणामाविषयी आहे. दुसरी: 'खरा आकडा या पट्ट्यात असण्याची शक्यता ९५ टक्के आहे.' हे ऐकायला बरोबर वाटतं, पण ९५ चा अर्थ पद्धतीला लागू आहे. असाच अभ्यास पुनःपुन्हा केला आणि दर वेळी असाच पट्टा काढला, तर शंभरातल्या सुमारे ९५ पट्ट्यांत खरी किंमत सापडेल. हाती आलेला हा एक पट्टा त्या ९५ मधला की उरलेल्या पाचांतला, हे कुणाला सांगता येत नाही. तिसरी चूक म्हणजे पट्ट्यातल्या सगळ्या किमती सारख्याच शक्य मानणं. मधल्या किमती आकडेवारीशी जास्त जुळतात, टोकाकडच्या कमी. विश्वस्तांना ९५ ची व्याख्या शिकवत बसू नका. 'या अभ्यासाच्या आकड्यांशी सगळ्यांत जास्त जुळते ती ३९ टक्के घट. पण १५ टक्के एवढी कमी किंवा ५७ टक्के एवढी जास्त घटही त्यांच्याशी विसंगत नाही.' एवढं पुरतं आणि ते बरोबर आहे.

पट्टा स्वतः एकदा तपासून पाहा. पाच मिनिटांचं काम आहे आणि त्यातून पेपरविषयी बरंच कळतं. दर काढून केलेल्या गुणोत्तराचा साधा पट्टा फक्त दोन गटांतल्या रुग्णसंख्येवरून निघतो. एक्सेलमध्ये दोन पेशींत हे टाका:

```
=EXP(LN(0.61)-1.96*SQRT(1/122+1/96))
=EXP(LN(0.61)+1.96*SQRT(1/122+1/96))
```

उत्तर येतं ०.४७ आणि ०.८०. पेपरमध्ये आहे ०.४३ आणि ०.८५. पेपरचा पट्टा जास्त रुंद आहे, आणि तो तसाच असायला हवा. शिधा कुणाला द्यायचा याची सोडत माणसामाणसाची काढलेली नव्हती. ती टीबी युनिटांची होती. एका युनिटातली माणसं एकाच भागातली, सारख्याच गरिबीतली, एकाच दवाखान्यात तपासलेली. त्यामुळे दहा हजार माणसं ही दहा हजार स्वतंत्र साक्षी ठरत नाहीत. सोडतीला चिठ्ठ्या होत्या फक्त २८. लेखकांनी हे गणितात धरलं, शिवाय इतर घटकांसाठी समायोजनही केलं. एखाद्या पेपरमध्ये गावं, शाळा किंवा वॉर्ड वाटून दिलेत आणि तरीही छापलेला पट्टा या साध्या सूत्राइतकाच अरुंद निघाला, तर समूहाचा परिणाम धरलेला नसण्याची दाट शंका घ्या. मग सारांशात लिहा: 'खरी अनिश्चितता छापल्यापेक्षा जास्त असावी.'

त्याच सूत्रात आणखी एक दिसतं. पट्टा किती रुंद होईल ते ठरवतात १२२ आणि ९६, म्हणजे रुग्ण, पाहिलेली माणसं नव्हेत. दहा हजार माणसांचा अभ्यास ऐकून छाती दडपते, पण पुरावा २१८ रुग्णांवर उभा आहे. विश्वस्तांना सहभागींच्या संख्येबरोबर ही संख्याही सांगा.

आणि गुणोत्तराच्या पट्ट्यात मधला आकडा बरोबर मध्यावर नसतो. ०.४३ आणि ०.८५ ची सरासरी ०.६४ येते, म्हणून टंकनदोष समजू नका. गुणोत्तरं लॉग मोजपट्टीवर मोजतात. दोन्ही टोकांचा गुणाकार करून वर्गमूळ काढा: ०.६०. ते ०.६१ च्या जवळ आलं, म्हणजे आकडे नीट उतरवले गेलेत. पेपरमधून टिपताना एखादा अंक उलटसुलट झाला तर तो या तपासणीत लगेच सापडतो.

आता ३९ की ४८. हे दोन वेगवेगळ्या निकषांचे आकडे आहेत. ३९ हा सगळ्या प्रकारच्या क्षयाचा. ४८ हा फक्त प्रयोगशाळेत जंतू सापडलेल्या फुफ्फुसाच्या क्षयाचा: गुणोत्तर ०.५२, पट्टा ०.३५–०.७९. अभ्यास सुरू करतानाच घरच्यांसाठी मुख्य निकष 'सर्व प्रकारचा क्षय' असा ठरलेला होता. सारांशात मुख्य निकषच पुढे यायला हवा. मोठा दिसतो म्हणून दुसरा उचलला, तर उत्तर बघून प्रश्न ठरवल्यासारखं होतं. 'जंतू सापडलेल्या क्षयावर शिध्याचा परिणाम आणखी मोठा' असंही ठामपणे लिहू नका. ०.४३–०.८५ आणि ०.३५–०.७९ हे पट्टे जवळजवळ एकमेकांवर बसलेत, आणि दुसऱ्यातले रुग्ण पहिल्यातच मोजलेले आहेत. '४८ टक्के' द्यायचाच असेल तर दुय्यम ओळीत, निकष स्पष्ट सांगून. त्याच पेपरमध्ये ०.५९ (०.४२–०.८३) हेही दिसेल. ते हॅझर्ड रेशो आहे, त्याच परिणामाचं दुसऱ्या पद्धतीनं केलेलं मोजमाप. दोन्ही लिहिलेत तर वाचणाऱ्याला दोन निष्कर्ष वाटतील. एकच ठेवा.

दुसऱ्या पेपरमध्ये ऑड्स रेशो आला तर मात्र सावध राहा. त्यात 'झालेले भागिले न झालेले' अशा दोन गटांतल्या प्रमाणांची तुलना असते. घटना दुर्मीळ असेल, इथल्यासारखी दोन-तीन टक्के, तर तो जोखमीच्या गुणोत्तराच्या जवळच असतो. पण एका गटात ६० टक्के आणि दुसऱ्यात ४० टक्के असेल तर जोखीम एक तृतीयांशानं घटली, आणि ऑड्स रेशो ०.४४ येतो, तो 'निम्म्याहून कमी' म्हणून वाचला जातो. अशा वेळी मूळ टक्केच लिहावेत. वजन किंवा गुण अशा मोजमापांवर 'कोहेनचा डी', म्हणजे प्रमाण विचलनाच्या पटीत सांगितलेला फरक, दिला असेल, तर त्याला त्या मोजमापाच्या प्रमाण विचलनानं गुणून किलो किंवा गुणांत आणा. डी ०.३ आणि प्रमाण विचलन ८ किलो म्हणजे २.४ किलो. 'लहान', 'मध्यम' ही लेबलं सारांशात नकोत. २.४ किलो लहान की मोठे, हे ४० किलोच्या बाईचं वजन आहे की ८० किलोच्या माणसाचं, यावर ठरतं.

गुणोत्तर १ म्हणजे दोन्ही गटांत काहीच फरक नाही. पट्टा १ ओलांडतो तेव्हा काय लिहायचं, तेही इथेच सांगतो, कारण पुढच्या पेपरला ते लागणार. समजा हाच आकडा ०.८० आणि पट्टा ०.५८–१.०९ असा आला असता. अशा वेळी 'शिध्याचा उपयोग नाही' असं लिहिलेलं सर्रास दिसतं. ते चूक आहे. त्या पट्ट्यात ४२ टक्के घटही बसते आणि ९ टक्के वाढही. म्हणजे अभ्यासानं प्रश्न उघडा ठेवला. 'परिणाम नाही' असं म्हणायला पट्टा १ च्या दोन्ही बाजूंना अगदी चिकटून हवा, जसं ०.९७–१.०३. याची दुसरी बाजूही आहे. पट्टा १ च्या अलीकडे संपला म्हणजे परिणाम कामाचा आहेच असं नाही. ०.८५ खरा निघाला तर हजारी दोनच रुग्ण टळतात. तेवढ्यासाठी हा खर्च परवडतो का, हे विश्वस्तांनी ठरवायचं, पेपरनं नाही.

आणखी एका गोष्टीला सारांशात स्वतंत्र दोन ओळी द्या: पट्ट्यात काय मोजलेलंच नाही. पट्टा फक्त योगायोगानं होणारा हेलकावा मोजतो. इथे शिधा कुणाला मिळतोय हे सगळ्यांना दिसत होतं. मात्र निदान सरकारी यंत्रणेतल्या स्वतंत्र वैद्यकीय कर्मचाऱ्यांनी केलं, ही चांगली बाजू. शेवटची तपासणी शिध्याच्या गटात ९४.८ टक्के आणि दुसऱ्यात ९०.७ टक्के लोकांची झाली. तपासणीविना राहिलेले दोन्हीकडे सारखे नव्हते. यांतलं काहीच ०.४३–०.८५ मध्ये उतरलेलं नाही.

तुमच्यासाठी सगळ्यांत मोठा मुद्दा जागेचा आहे. झारखंडच्या त्या घरांतली जवळजवळ दोन तृतीयांश माणसं आदिवासी होती आणि ३४ टक्के कुपोषित. तुमचं काम रामटेक-पारशिवनीच्या जंगलपट्टीत असेल तर घरं बरीचशी तशी असू शकतील. नागपूर शहरातल्या वस्त्यांत असेल तर कदाचित नाही. गुणोत्तर एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं त्यातल्या त्यात सोपं, हजारी आकडा नेणं अवघड. तुमच्या भागात घरच्यांत क्षयाचं प्रमाण हजारी १३ नसून समजा ६ आहे. तेच ०.६१ धरलं तरी वर्षाला पाच नाही, सव्वादोन-अडीच टळतील, आणि पट्टा एक ते साडेतीन. आणि भरल्या पोटाच्या घरात शिध्यानं तेवढाच फरक पडेल, हे गृहीतकही तपासायला हवं. त्यामुळे आधी तालुक्याच्या टीबी युनिटमधून गेल्या दोन-तीन वर्षांत रुग्णांच्या घरच्यांमध्ये किती नवे रुग्ण सापडले ते काढा, आणि स्वतःच्या घरभेटींतून वजन-उंची घ्या. मग गुणाकार करा.

खर्चाकडे जाताना 'एक रुग्ण टाळायला किती जण' हा आकडा कामाला येतो. पेपर तो १११ माणसं, म्हणजे ३० घरं, असा देतो. ताळा करून पाहा: २.५९ वजा १.७१ म्हणजे शंभरी ०.८८, आणि १०० भागिले ०.८८ म्हणजे ११४. जवळ आलं. ६० किंवा ३०० आलं असतं तर कुठेतरी टक्का आणि हजारी यांची सरमिसळ झालेली असती. यालाही पट्टा असतो, आणि तो सारांशांत जवळजवळ कधीच दिसत नाही. मूळ २.५९ टक्के पक्के धरून दोन टोकं लावली तर साधारण ७० ते २६० माणसं येतात, म्हणजे २० ते ७० घरं. हा आकडा सुमारे दोन वर्षांच्या पाहणीचा आहे. हजारी पाचचा आकडा एका वर्षाचा होता. दोन्ही एका वाक्यात आणलेत तर कालावधी सांगा, नाहीतर हिशेब जुळत नाही अशी शंका पहिल्याच बैठकीत निघेल.

विश्वस्तांच्या पानावरचा मजकूर मग असा होईल:

'झारखंडच्या चार जिल्ह्यांत क्षयरुग्णांना शिधा दिला जात होताच. त्याशिवाय त्यांच्या घरच्यांनाही सहा महिने शिधा दिला, तेव्हा घरच्यांमधला नवा क्षय ३९ टक्क्यांनी घटला: हजारी वर्षाला १३ वरून ८. म्हणजे हजारी पाच रुग्ण टळले. आकडेवारी पाहता हे दोनही असू शकतात, सातही. एकूण १०,३४५ माणसांत २१८ नव्या रुग्णांवरून हा निष्कर्ष आहे. पाहणीच्या सुमारे दोन वर्षांत एक रुग्ण टाळायला साधारण ३० घरांना शिधा द्यावा लागला (पट्टा २० ते ७०). तिथली एक तृतीयांश माणसं कुपोषित होती; आपल्या भागात प्रमाण वेगळं असेल तर फायदाही वेगळा असेल.'

याखाली खर्चाची एक ओळ जोडा. १११ माणसं गुणिले सहा महिने म्हणजे ६६६ माणूस-महिन्यांचा शिधा. पट्ट्याची टोकं घेतली तर साधारण ४०० ते १,५५०. तांदूळ, डाळ, तेल, दूध पावडर आणि गावापर्यंतची वाहतूक धरून एका माणसाचा महिन्याचा शिधा नागपूरच्या ठोक बाजारात तुम्हाला कितीला पडतो, तो आकडा या तिन्हींना गुणा आणि तिन्ही रकमा शेजारी-शेजारी लिहा.